मीटर ब्रिजच्या व्हायवात काय विचारतात आणि काय सांगावं

*सर, परवा बारावीची फिजिक्स प्रॅक्टिकल आहे. मीटर ब्रिज आला तर व्हायवात काय विचारतील? गाइडमधली एका ओळीची उत्तरं पाठ आहेत, पण सरावाच्या वेळी आमच्या सरांनी "का?" विचारलं की मी गप्प होतो. नमुना उत्तरं सांगाल का?*

बाहेरून आलेला परीक्षक टेबलाशी येतो तेव्हा त्याच्या हातात प्रश्नांची यादी नसते. तो तुझा निरीक्षणांचा तक्ता बघतो आणि त्यातल्याच एखाद्या आकड्यावर बोट ठेवतो. मी बरीच वर्षं असा परीक्षक म्हणून जातोय, म्हणून उत्तरंही तक्त्यावरूनच सांगतो. हा तक्ता डोळ्यांसमोर ठेव. डाव्या गॅपमध्ये 80 सेंमी लांबीची कॉन्स्टंटनची तार आहे, तिचा रोध X. उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्स, त्याचा रोध R. नल पॉइंट डाव्या टोकापासून l सेंमीवर. R = 2 ओहम घेतल्यावर l = 63.3 आला, R = 3 ला 53.6 आणि R = 4 ला 46.3. X = R × l / (100 − l) या सूत्रात घातलं की 3.45, 3.47 आणि 3.45 ओहम मिळतात. सरासरी 3.46 धरू.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "नल पॉइंट म्हणजे काय?" इथे निम्मी मुलं सांगतात, "तिथे ब्रिजमधून करंट जात नाही." हे चूक आहे, आणि परीक्षक लगेच विचारतो, "मग सेलमधून निघालेला करंट जातो कुठे?" असं सांग: "नल पॉइंटला फक्त गॅल्व्हानोमीटरमधून करंट जात नाही, कारण जॉकी जिथे टेकलाय तो बिंदू आणि दोन गॅपच्या मधल्या पट्टीवरचा बिंदू यांचं विभव सारखं असतं. X आणि R मधून एकच करंट वाहत असतो, आणि ब्रिजच्या तारेतून दुसरा करंट वाहत असतो." एवढं सांगितलंस की सूत्र आपोआप निघतं. X वरचं विभवांतर तारेच्या l लांबीवरच्या विभवांतराइतकं आणि R वरचं उरलेल्या (100 − l) लांबीवरच्या विभवांतराइतकं. दोन समीकरणांचा भागाकार केला की दोन्ही करंट निघून जातात. तार सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर तिचा दर सेंटिमीटरचा रोधही जातो. उरतं ते X / R = l / (100 − l).

या भागाकारात जे जे गळालं, त्या प्रत्येकावर एक प्रश्न असतो. "सेल 1.5 व्होल्टऐवजी 2 व्होल्टचा लावला तर?" नल पॉइंट तिथेच राहील. "ब्रिजची तार दुप्पट जाडीची, पण एकसारखीच घेतली तर?" तरीही तिथेच. "गॅल्व्हानोमीटर बदलला तर?" तिथेच, कारण त्यातून करंटच जात नाही. "सेल आणि गॅल्व्हानोमीटरच्या जागा अदलाबदल केल्या तर?" संतुलनाची अट तीच राहते, म्हणून नल पॉइंट तोच. फक्त काटा किती हलतो, म्हणजे ब्रिजची संवेदनक्षमता, बदलू शकते. शिवाय मग सेलचा करंट जॉकीच्या टोकातून जाईल. जॉकी उचलताना बारीक ठिणगी पडून तार खराब होऊ शकते, म्हणून आपण तसं जोडत नाही. हे शेवटचं वाक्य गाइडमध्ये सहसा नसतं आणि परीक्षकाला तेच ऐकायचं असतं.

"प्रयोग चालू असताना सेल उतरला तर रीडिंग चुकेल का?" हा गुगली आहे. पोटेन्शिओमीटर नुकताच वाचलेला असला की मुलं "हो" म्हणतात. तिथे चुकतं, इथे नाही. सेल उतरला तर नल पॉइंटच्या आजूबाजूला काटा कमी हलेल आणि नेमकी जागा ठरवायला अवघड जाईल, पण जागा सरकणार नाही. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, "असं असेल तर रीडिंग झालं की की का काढतोस?" इथे सेलचं नाव घेऊ नकोस. करंट सतत वाहिला की तारा तापतात आणि रोध बदलतो. कॉन्स्टंटनचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, पण गॅपमध्ये तांब्याची तार दिली असेल तर एका अंशाला साधारण 0.4 टक्के रोध वाढतो. पाच-सात अंशांत तुझ्या उत्तराचा दुसरा आकडा हलायला लागेल. ब्रिजची तार मॅंगॅनिन किंवा कॉन्स्टंटनची का असते, त्याचंही उत्तर हेच: रोधकता जास्त आणि तापमानाचा परिणाम अगदी कमी.

आता ज्यावर सगळ्यात जास्त मार्क जातात तो भाग. "नल पॉइंट मधोमध का हवा?" गाइडमध्ये "कारण ब्रिज तिथे सर्वात संवेदनक्षम असतो" एवढंच असतं. ते खरं आहे, पण "का?" म्हटलं की पोरं अडकतात. आकड्यांनी सांग. पट्टी आपण 1 मिलिमीटरपर्यंत वाचतो, म्हणजे l मध्ये 0.1 सेंमीची चूक होऊ शकते. ती चूक l मध्ये आणि (100 − l) मध्ये एकाच वेळी शिरते, एकात वाढ तर दुसऱ्यात घट, म्हणून X मधली टक्केवारी चूक दोन्हींची बेरीज होते. नल पॉइंट 50 वर असेल तर प्रत्येकी 0.2 टक्के, एकूण 0.4 टक्के. तोच 10 सेंमीवर असेल तर 0.1 भागिले 10 म्हणजे 1 टक्का आणि दुसऱ्या बाजूचा 0.1 टक्का, एकूण 1.1 टक्के. 5 सेंमीवर गेलास तर 2 टक्क्यांच्या वर. पट्टी तीच आणि डोळे तेच असले तरी चूक पाचपट होते. म्हणून R असा निवडायचा की तो X च्या जवळपास येईल आणि नल पॉइंट साधारण 30 ते 70 च्या दरम्यान पडेल.

मधोमध असण्याचं दुसरं कारण एण्ड करेक्शन. "एण्ड करेक्शन म्हणजे काय?" तार दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्टीला डाख देऊन जोडलेली असते. त्या जोडाचा आणि पट्टीचा थोडा रोध असतोच. शिवाय तारेचं टोक आणि मोजपट्टीचा शून्य नेमके एका जागी असतीलच असं नाही. हे सगळं मिळून जणू तार दोन्ही टोकांना थोडी लांब आहे असं धरायचं: डावीकडे α आणि उजवीकडे β सेंटिमीटर. मग खरं समीकरण X / R = (l + α) / (100 − l + β) असं होतं. समज दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटिमीटर आहे. नल पॉइंट 20 वर असेल तर आपण गुणोत्तर 20/80 म्हणजे 0.25 धरतो, पण खरं 20.5/80.5 म्हणजे 0.2547 असतं. जवळपास 2 टक्के चूक. 46 वर असेल तर हीच चूक 0.2 टक्क्यांच्याही आत येते.

"मग हे करेक्शन घालवतोस कसं?" याचं ठरलेलं उत्तर आहे: X आणि R च्या गॅपमधल्या जागा बदलून पुन्हा नल पॉइंट घ्यायचा आणि सरासरी काढायची. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. आपल्या तक्त्यात R = 4 ला X डावीकडे असताना l = 46.3 आला. जागा बदलल्यावर नल पॉइंट डावीकडून 53.5 वर आला, म्हणजे X च्या बाजूची लांबी 46.5. सरासरी 46.4, त्यावरून X = 3.46. दोन वाचनांतला 0.2 सेंमीचा फरक सांगतो की α हा β पेक्षा 0.2 सेंमीने मोठा आहे. अदलाबदलीने हा फरकच तेवढा निघून जातो. दोन्ही टोकांना सारखं असलेलं करेक्शन सरासरीत तसंच राहतं, आणि ते निष्प्रभ करायला नल पॉइंट मधोमध असणं हाच उपाय उरतो. हे सांगितल्यावर परीक्षकाने चष्मा वर केला तर घाबरू नकोस, तो खूश झालेला असतो.

α आणि β प्रत्यक्ष मोजता येतात का, असं कुणी विचारलंच तर "हो" म्हण. दोन माहीत असलेले रोध P आणि Q गॅपमध्ये घालून एकदा l₁ आणि जागा बदलून l₂ वाचायचे. P आधी डावीकडे असेल तर α = (Q·l₁ − P·l₂) / (P − Q). हे पाठ नसलं तरी चालेल, वरचं समीकरण दोनदा लिहून ते निघतं.

पुढचा भाग टेबलावर उभं राहूनच कळतो, आणि अनुभवी परीक्षक मुद्दाम तिथेच नेतो. "जोडणी बरोबर आहे हे कसं ओळखलंस?" उत्तर: "जॉकी आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला टेकवून बघितला. काटा दोन्हीकडे विरुद्ध दिशांना गेला, म्हणजे नल पॉइंट मध्ये कुठेतरी आहे." बरं, एकाच दिशेला गेला तर? "कनेक्शन लूज आहे" म्हणून सुटू नकोस, कोणतं कनेक्शन ते सांग. समज डाव्या गॅपमधली तार तुटली आहे किंवा तिचा स्क्रू सैल आहे. मग मधल्या पट्टीचा संबंध फक्त R मधून उजव्या टोकाशी राहतो, आणि तिचं विभव उजव्या टोकाइतकंच होतं. जॉकी उजव्या टोकाला नेला की काटा शून्यावर येतो, आणि डावीकडे सरकत जाशील तसा एकाच बाजूला वाढत जातो. उजवी गॅप तुटली असेल तर याच्या उलट, काटा डाव्या टोकाला शून्यावर येतो. म्हणजे काटा ज्या टोकाला शून्य दाखवतो, त्याच्या समोरच्या टोकाची गॅप तपासायची. आणि कुठेही टेकवलं तरी काटा हललाच नाही, तर सेलची बाजू किंवा गॅल्व्हानोमीटरची बाजू तुटलेली आहे.

एका परीक्षेत एक मुलगी पाऊण तास काटा एकाच बाजूला जातो म्हणून रडवेली झाली होती. काटा डाव्या टोकाला शून्य दाखवत होता. रेझिस्टन्स बॉक्सची INF लिहिलेली चावी मागच्या बॅचमधल्या कुणीतरी काढून ठेवली होती. ती चावी काढली की बॉक्समधला मार्गच तुटतो. चावी बसवल्यावर दहा मिनिटांत तिची तिन्ही रीडिंग्ज झाली.

बॉक्सचाच विषय निघालाय तर: बाकीच्या चाव्या काढल्या की रोध वाढतो आणि बसवल्या की तो रोध शॉर्ट होतो. मग "चाव्या पिळून घट्ट का बसवायच्या?" सैल चावीच्या जागी थोडा जादा रोध तयार होतो आणि तो आपल्या हिशोबात धरलेला नसतो. समज तो 0.2 ओहम आहे. आपल्या तारेसाठी R = 2 ला X 3.15 येईल, R = 3 ला 3.24 आणि R = 4 ला 3.30. R वाढवत जाल तसा X खऱ्या किमतीकडे चढत जातो, कारण R मोठा झाला की 0.2 ओहमचा वाटा लहान होत जातो. तक्त्यात X असा ओळीने चढताना दिसला तर बॉक्सकडे बघायचं. जर्नलमध्ये अशी रीडिंग्ज दिसली की मी हमखास विचारतो, "हे असं का चढलं?" आणि बहुतेक जण "एक्सपेरिमेंटल एरर" म्हणतात. X च्या गॅपमध्ये जोड सैल असेल तर मात्र असा चढ दिसत नाही. तिन्ही ओळींत X सारखाच, पण सारखाच जास्त येतो. ही चूक तक्ता बघून पकडता येत नाही, म्हणून तारेची टोकं सँडपेपरने घासून स्क्रू आवळण्याला पर्याय नाही.

यावरूनच "मीटर ब्रिजने अगदी लहान रोध का मोजत नाहीत?" याचं उत्तर मिळतं. X स्वतःच 0.1 ओहम असेल तर जोडांचा आणि वायरींचा रोध त्याच्या बरोबरीला येतो. तिथे केल्व्हिनचा डबल ब्रिज वापरतात. खूप मोठा रोध असेल तर गॅल्व्हानोमीटरपर्यंत पोचणारा करंट इतका कमी होतो की नल पॉइंटच्या अलीकडे-पलीकडे काटा हलतच नाही.

जॉकीबद्दल एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे तो घासत का न्यायचा नाही. सगळं सूत्र तारेची जाडी सगळीकडे सारखी आहे यावर उभं आहे, आणि घासल्याने ती जागोजागी झिजते. उचलून, हलकेच टेकवायचा. आमच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या एका ब्रिजची तार 45 ते 55 च्या पट्ट्यात बोटाला जाणवण्याइतकी खरवडलेली होती, कारण सगळ्यांचा नल पॉइंट तिथेच यायचा!

थर्मो-ईएमएफचा प्रश्न क्वचित येतो. दोन वेगळ्या धातूंचे जोड वेगळ्या तापमानाला असले की अगदी छोटा व्होल्टेज तयार होतो. कॉन्स्टंटन आणि तांब्याच्या जोडीत तो मॅंगॅनिनपेक्षा बराच जास्त असतो. सेलची दिशा उलटी करून पुन्हा नल पॉइंट घ्यायचा आणि सरासरी काढायची, म्हणजे तो निघून जातो. कॉलेजातल्या गॅल्व्हानोमीटरवर तो सहसा दिसतच नाही.

आणि शेवटी रोधकता. तारेचा व्यास स्क्रू गेजने 0.38 मिमी आला, लांबी 0.80 मीटर. क्षेत्रफळ 1.134 × 10⁻⁷ चौरस मीटर, त्यावरून रोधकता X × A / L म्हणजे सुमारे 4.9 × 10⁻⁷ ओहम मीटर. कॉन्स्टंटनची पुस्तकातली किंमतही याच्याच आसपास असते. परीक्षक विचारेल, "तार अर्धी कापली तर?" रोध अर्धा होईल, रोधकता तीच, कारण ती पदार्थाची असते, तुकड्याची नाही.

यापेक्षा चांगला प्रश्न असा: "उत्तर अजून अचूक हवं असेल तर काय जास्त काळजीने मोजशील?" जवळजवळ सगळे "नल पॉइंट" म्हणतात. हिशोब करून बघ. नल पॉइंटमुळे 0.4 टक्के चूक येते. 80 सेंमी लांबीत 1 मिमी चुकलं तर 0.13 टक्के. स्क्रू गेजचं लीस्ट काउंट 0.01 मिमी, म्हणजे 0.38 मध्ये 2.6 टक्के, आणि सूत्रात व्यासाचा वर्ग असल्याने ती दुप्पट होऊन 5.3 टक्के. बाकी सगळ्या चुका एकत्र केल्या तरी व्यासाच्या पासंगाला पुरत नाहीत. म्हणून उत्तर असं दे: "व्यास. तारेवर चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा मोजेन, कारण तार पूर्ण गोल असेलच असं नाही, आणि त्याआधी झिरो एरर बघेन." मग परीक्षक "झिरो एरर विसरलास तर?" म्हणेल. +0.02 मिमीची झिरो एरर वजा करायची राहिली तर व्यास 0.38 ऐवजी 0.40 धरला जातो आणि रोधकता जवळपास 11 टक्क्यांनी जास्त येते. परवा टेबलावर गेल्यावर नल पॉइंटसाठी मिलिमीटर-मिलिमीटर झगडत बसण्याआधी स्क्रू गेजचे जबडे पुसून, बंद करून एकदा शून्य बघ.